खांबावरच्या खुणा

जूनचा दुसरा शनिवार. साताऱ्यात पाऊस धरून बसला होता आणि शाळेच्या सभागृहाच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग पडला होता. पालकसभेत फी, गणवेश, रिक्षावाल्यांच्या वेळा असं नेहमीचं सगळं उरकल्यावर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आता खेळाचे सर दहा मिनिटं बोलतील." दहा-बारा पालक लगेच उठायच्या बेतात. खेळाचे सर बोलणार म्हणजे पांढरे बूट आणि स्नेहसंमेलनातलं लेझीम, एवढंच आमच्या डोक्यात. सर माइकपाशी आले ते हातात एक जुनी, लांबोडकी वही घेऊन.

"गेल्या वर्षी सकाळच्या तासाला मैदानावर पाच मुलं चक्कर येऊन खाली बसली," ते म्हणाले. "पाचांतली चार घरी डाएटवर होती. वयं दहा ते तेरा. त्यांच्याबद्दल बोलायचंय."

उठलेले परत बसले. दहा मिनिटांचं भाषण पुढे तासभर चाललं. माझी मुलगी त्याच शाळेत सहावीत आहे, आणि खरं सांगायचं तर 'हिचा गोडाचा डबा जरा वरच्या फळीवर ठेवू या' हे वाक्य आमच्याही घरात बोलून झालं होतं. म्हणून ऐकलेलं टिपून घेतलं, घरी येऊन काही गोष्टी पडताळून पाहिल्या, आणि तेच इथे मांडते आहे.

सरांनी आधी एका मुलाची गोष्ट सांगितली. नाव सांगितलं नाही, "आणि शोधायलाही जाऊ नका," अशी तंबी दिली. दोन वर्षांपूर्वी तो पाचवीत होता. वय दहा, उंची १४० सेंटिमीटर, वजन ४३ किलो. मे महिन्यातल्या एका लग्नात कुणीतरी त्याचा गाल ओढून चारचौघांत म्हटलं, "काय रे, दोघांचं एकटाच खातोस वाटतं?" आईला लागलं. तिला स्वतःला जिममधून मिळालेला एक डाएटचा कागद होता, तोच तिने मुलाला लावला. सकाळी दूध बंद, त्याऐवजी कोमट पाणी आणि लिंबू. डब्यात काकडी-गाजर. रात्री पोळी-भात बंद, नुसतं मुगाचं कढण. शाळा सकाळी सातची. तीन आठवड्यांत दोन किलो वजन उतरलं आणि घरात आनंदीआनंद झाला.

चौथ्या आठवड्यात मैदानावर दुसऱ्याच फेरीला त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सरांनी त्याला सावलीत आडवं केलं आणि पाण्याची बाटली काढायला दप्तर उघडलं, तर तळाशी बिस्किटांच्या पुड्यांचे चार-पाच रिकामे कागद सापडले. "पोरगं चोर नव्हतं," सर म्हणाले. "पोरगं भुकेलं होतं." तो मधल्या सुट्टीत मित्रांच्या डब्यात हात घालत होता, संध्याकाळी क्लासला जाताना वाटेत वडापाव खाऊन तोंड पुसत होता. दिवाळीला वजन ४४ किलो भरलं. म्हणजे डाएट सुरू केलं तेव्हापेक्षा किलोभर जास्तच.

हे एकट्यादुकट्याचं नशीब नाही. अमेरिकेत ९ ते १४ वयाच्या सुमारे पंधरा हजार मुलामुलींचा तीन वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन कमी करण्यासाठी 'डाएट' करणाऱ्या मुलांचं वजन, न करणाऱ्यांपेक्षा पुढे जास्त वाढलं. डाएट करणाऱ्यांमध्ये अधाशासारखं एका बैठकीत खाण्याचं प्रमाणही जास्त होतं. अशा अभ्यासात एक शंका राहतेच, की ज्यांचं वजन वाढणारच होतं तीच मुलं डाएटकडे वळली असतील. संशोधकांनी मुलांचं आधीचं वजन हिशेबात धरलं होतं, तरी शंका पूर्ण फिटत नाही. मात्र डाएटने मुलं बारीक राहतात असं कुठेही दिसलं नाही, एवढं खरं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना जो सल्ला दिला, त्यात वाढत्या मुलांना डाएटपासून परावृत्त करा आणि घरात वजनावर बोलणं कमी करा, या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत.

सभागृहाच्या डाव्या बाजूला एक जाडजूड खांब आहे. त्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आणि बारीक अक्षरांत तारखा. मला इतकी वर्षं वाटायचं, पोरांनी खांब खराब केलाय. सर त्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. "मी जूनमध्ये आणि जानेवारीत प्रत्येक मुलाची उंची मोजतो. वजन पडद्यामागे, एकेकट्याचं; आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, हा माझा नियम. उंची मात्र इथे, सगळ्यांसमोर, कारण उंची वाढली की पोरं खूश होतात."

मग त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. बीएमआय आता सगळ्यांना माहीत असतो: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ४३ भागिले १.४ गुणिले १.४. उत्तर आलं २१.९. "मोठ्या माणसाचा एवढा आला तर तो पेढे वाटेल," सर म्हणाले. साताऱ्यात पेढे म्हटलं की कंदीच, त्यामुळे सभेत हशा पिकला. "पण हा दहा वर्षांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलग्यासाठी स्थूलतेची रेषा २१.४ वर आहे. म्हणजे आईची काळजी खोटी नव्हती. उपाय चुकला."

मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे सरकत जातो. तो साधारण पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात कमी असतो आणि मग वर चढत जातो. म्हणून मोठ्यांचे '२३ पर्यंत ठीक' हे आकडे मुलांना लावता येत नाहीत. मुलगा की मुलगी आणि वय किती, हे पाहून तक्त्यातली जागा बघावी लागते. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ भारतीय मुलांसाठी २०१५ मध्ये तयार झालेले वाढीचे तक्ते वापरतात. वयात येणाऱ्या मुलांसाठी त्यातल्या रेषा जागतिक तक्त्यापेक्षा थोड्या कडक आहेत, कारण आपल्याकडे कमी वजनावरच मधुमेहासारख्या तक्रारी सुरू होतात.

दिवाळीनंतर त्या मुलाची आई सरांना भेटली. सरांनी तिला मुलाचं वजन उतरवायला सांगितलं नाही. वाढायचं थोडं थांबू दे, इतकंच सांगितलं. पुढच्या जूनमध्ये उंची १४६, वजन ४४. बीएमआय २०.६. त्याच्या पुढच्या जूनमध्ये, म्हणजे यंदा, उंची १५२, वजन साडेपंचेचाळीस. बीएमआय १९.७. बारा वर्षांच्या मुलग्यासाठी जागतिक तक्त्यातली जादा वजनाची रेषा १९.९ आहे; तो तिच्याखाली आला. दोन वर्षांत त्याचं वजन अडीच किलोने वाढलं, एक किलोही उतरलं नाही, आणि तरी तो स्थूल या गटातून साधारण गटात पोचला. कारण मधल्या काळात बारा सेंटिमीटर उंची वाढली.

मोठ्या माणसाकडे ही सोय नाही. तुमची-माझी उंची वाढायची नाही, त्यामुळे काटा खाली आणण्यावाचून इलाज नाही. दहा वर्षांच्या मुलाची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, वयात येताना त्याहून वेगाने. खाणं तोडलं की नेमकं या वाढीलाच खीळ बसायची भीती. उंची झपाट्याने वाढण्याच्या आसपासच्या दोन वर्षांत माणसाच्या हाडांतल्या एकूण खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा भरला जातो. त्याच दोन वर्षांत घरात दूध बंद, डाळ कमी, 'रात्रीचं जेवण नको' सुरू झालं, तर तो हिस्सा पुढे भरून काढणं अवघड.

मुलींबाबत सर जरा थांबून बोलले, आणि ते सगळ्या आयांसाठी होतं. पाळी सुरू होण्याआधीच्या एक-दोन वर्षांत मुली अंगाने भरतात. ही शरीराची तयारी असते. नेमकी त्याच वेळी घराला धास्ती बसते आणि पोरीचा भात बंद होतो. पाळी सुरू झाल्यावर उंची साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते, त्यामुळे उंचीला वजन गाठू देण्याची संधी मुलींना लवकर संपते. म्हणून सवयी आठव्या-नवव्या वर्षीच लागाव्यात, डाएटचा कागद बाराव्या वर्षी हातात देऊ नये.

तोवर मागच्या रांगेतले एक गृहस्थ अस्वस्थ झाले होते. "सर, ते ठीक. आम्ही आमच्या मुलाचा भात बंद केलाय. तो चुकीचा का?"

"दादा, तुम्ही स्वतः भात खाता?"

"मी? हो. मला त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही."

"मग त्यालाही वाटत नसेल."

मला वाटतं, सरांच्या भाषणाचा गाभा या दोन ओळींत होता. घरात एकाचं ताट वेगळं करायचं नाही. बदल करायचा तर तो सगळ्या घराचा, आणि मुलाला कळू न देता. आणि तो बदल ताटातून सुरू होत नाही, घड्याळातून होतो.

त्या मुलाच्या घरी काय बदललं ते सरांनी नीट सांगितलं. आधीचा दिवस असा होता: सकाळी साडेसहाला चॉकलेटची पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं, कारण शाळेची गडबड. (हा डाएटच्याही आधीचा दिवस.) दहा वाजता डब्यात जाम-ब्रेड. साडेबाराला घरी आला की जेवण, पण टीव्हीसमोर. पाच वाजता क्लासला जाताना भूक खवळलेली, मग वाटेत वडापाव किंवा पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पुडी. रात्री बाबा नऊला आल्यावर साडेनऊला भरपेट जेवण, आणि लगेच झोप. सर म्हणाले, यात एकही वाईट माणूस नाही, फक्त एक जेवण चुकीच्या जागी आहे.

मग त्यांनी पाच वाजताचं खाणं हेच एक खरं जेवण केलं. एक दिवस मटकीची उसळ आणि पोळी. एक दिवस थालीपीठ आणि दही. भाज्या घातलेला उपमा, कधी भाजणीचं धिरडं, कधी दुपारची पोळी-भाजीच गुंडाळून. घाई असेल त्या दिवशी फुटाणे-शेंगदाणे आणि केळं. पोट भरलं की वडापावच्या गाड्यावरून सायकल सरळ पुढे जाते; मनाला आवर घालावा लागत नाही. रात्रीचं जेवण आठला, बाबांची वाट न पाहता. संध्याकाळी पोट भरलेलं, त्यामुळे रात्री आपोआप कमी खाल्लं जाऊ लागलं. सकाळी दूध परत आलं, पण त्यातली पावडर हळूहळू निम्मी झाली. डब्यात जाम-ब्रेडच्या जागी पोळीची गुंडाळी किंवा इडली. कोल्ड्रिंक घरात आणणं बंद. ही एकच गोष्ट त्यांनी खरोखर 'बंद' केली, आणि तीही सगळ्यांसाठी, बाबांसकट. शंभर मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे. चहात कुणी एवढी घातली तर आपण कप परत करू. पेय असल्याने ती पोट भरल्याची जाणीवही फारशी देत नाही. डब्यातला, पाकिटातला फळांचा रस या हिशेबात फारसा वेगळा पडत नाही, त्यापेक्षा एक संत्रं बरं.

इथे एक आजी उभ्या राहिल्या. नऊवारीतल्या, आवाज खणखणीत. "सर, पण किती खायचं ते पोरालाच कळतं का? आम्ही वाढल्याशिवाय खातच नाहीत."

"आजी, तान्हं बाळ पोट भरल्यावर तोंड फिरवतं ना? त्याला कळतं. मग आपण पाच वर्षं 'एक घास काऊचा, एक घास चिऊचा' करून ते विसरायला लावतो."

सभेत आजींच्या बाजूने बरीच डोकी हलली, पण सर मागे हटले नाहीत. त्यांनी जी वाटणी सांगितली ती मुळात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची. काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. आपल्या घरांत हे नेमकं उलटं असतं. काय खायचं ते पोरगं ठरवतं ("मला मॅगीच पाहिजे") आणि किती ते आपण ("ताटात टाकायचं नाही, संपव").

'पानात टाकू नये' हा संस्कार मलाही प्रिय आहे. सरांनी त्यावर काढलेला तोडगा इतका साधा होता की मला हसू आलं: आधी कमी वाढा. अर्धी पोळी, चमचाभर भाजी, मागितलं की पुन्हा. पान रिकामं होतं, संस्कार राहतो, आणि पोट भरल्यावर थांबणंही जमतं. बळजबरीचा परिणाम उलटा होतो हे प्रयोगांतूनही दिसलंय. पेनसिल्व्हेनियात बालवाडीच्या मुलांना सूप दिलं. काही वेळा 'संपव, संपव' असा आग्रह केला, काही वेळा नाही. आग्रह केला तेव्हा मुलांनी सूप कमी प्यायलं आणि त्याला नावं मात्र जास्त ठेवली. तिथल्याच लीन बर्च या संशोधिकेच्या आणखी एका प्रयोगात मुलांच्या टेबलावर पारदर्शक बरणीत एक खाऊ ठेवला होता आणि तो थोडाच वेळ घ्यायची मुभा होती. तसलाच दुसरा खाऊ हवा तेवढा मोकळा होता. मुलांचं सगळं लक्ष बरणीवर. बोलणंही बरणीचंच.

आमच्या घरातली वरची फळी तेव्हा मला आठवली. लाडवाचा डबा वर गेल्यापासून मुलीने त्या फळीवर चढायला स्टूल कुठून आणायचं हे शोधून काढलं होतं.

सरांचं म्हणणं, गोड बंद करू नका, पण त्याला बक्षीसही करू नका. 'भाजी संपवलीस तर गुलाबजाम' यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि गुलाबजाम ही सुटका. लाडू जेवणाबरोबरच ताटात, एक, सगळ्यांना. घरात करंज्या झाल्या की त्या दिवसाच्या, पण 'लपवून ठेवलेल्या' कधीच नाहीत.

आता मैदान. इथे सरांनी स्वतःची कबुली दिली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत उशिरा येणाऱ्याला ते मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावत. "मी धावणं ही शिक्षा केली होती. खेळाच्या मास्तराने!" आता तेच पालक घरी करतात: वडापाव खाल्लास ना, आता खाली जाऊन दहा फेऱ्या मार. हिशेबही बसत नाही. चाळीस किलोच्या मुलाने अर्धा तास नेटाने धावून साधारण दीडशे-पावणेदोनशे कॅलरी जळतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. खेळाने वडापाव फिटत नाही. खेळ वेगळ्याच कारणासाठी हवा: हाडं, स्नायू, झोप, भुकेची नीट जाणीव, आणि मुख्य म्हणजे दोस्त.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी जोरकस, उड्यांचं, धावण्याचं. शाळेत खेळाचे तास आठवड्याला दोन, पस्तीस मिनिटांचे. त्यात प्रत्यक्षात काय होतं हे पाहायला सरांनी एकदा स्टॉपवॉच घेऊन एकाच मुलाकडे पूर्ण तास लक्ष ठेवलं. वर्गातून येणं, रांग, हजेरी, मग लंगडी. तो जाड होता, पहिल्या मिनिटाला बाद झाला आणि डाव संपेपर्यंत कट्ट्यावर बसला. पस्तीस मिनिटांत तो जेमतेम सात मिनिटं हलला. "ज्याला सगळ्यात जास्त खेळायची गरज, तो सगळ्यात आधी बाहेर बसतो. हा माझ्या खेळाचा दोष, त्याचा नाही."

तेव्हापासून त्यांच्या तासाला बाद झालेला बसत नाही. दोरीवरच्या दहा उड्या मारून परत डावात येतो. संघ निवडायला दोन कप्तान उभे करून एकेकाला नावाने मागायची पद्धतही बंद. त्यात शेवटी कोण उरतं हे सगळ्यांना पाठ असतं. रस्सीखेचीत, गोळाफेकीत, कबड्डीत पकड करायला भरलेल्या अंगाची मुलं कामाची असतात, म्हणून हे खेळ मुद्दाम आधी. एखाद्याला 'जाड्या' म्हणणारा कोण हे कळलं तर सर त्याला शिक्षा करत नाहीत, त्याच्याच संघात टाकतात.

घरासाठी त्यांनी क्लास लावायला सांगितला नाही. उलट क्लासची वेळ बघायला सांगितली. साडेपाच ते सात ही खाली खेळायची वेळ, आणि नेमक्या त्याच वेळेला गणिताचा क्लास. तो सहानंतर सरकवता येतो का, किंवा आठवड्यातले दोन दिवस मोकळे ठेवता येतात का. शाळेच्या फाटकापर्यंत स्कूटरवरून न सोडता पोवई नाक्यासारख्या ठिकाणी उतरवून उरलेलं चालू द्यायचं. रविवारी अजिंक्यतारा. सकाळी सगळं सातारा तिथे चढत असतं, त्यात दमलेल्या पोराकडे कुणी वळूनही बघत नाही. चढताना 'बघ, किती धाप लागली' हे वाक्य मात्र गिळायचं.

झोपेबद्दल ते दोनच वाक्यं बोलले: सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि कमी झोपलेलं मूल दिवसभर खा-खा करतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं ते याच कारणासाठी; पण पाचवीनंतर काय, यावर सभेत नुसते सुस्कारे.

शेवटी त्यांनी स्वतःची हद्द आखून दिली, आणि ते मला फार आवडलं. काही मुलांना मैदान किंवा पाच वाजताची उसळ पुरत नाही, त्यांना डॉक्टरच लागतात. खाण्यामुळे वजन वाढलेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात. मूल जाड आहे आणि वर्गात बुटकंही, किंवा खांबावरची रेघ वर्षभरात चार सेंटिमीटरही सरकली नाही, तर थायरॉइडसारखं काही आहे का ते तपासावं लागतं. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळसर पट्टा दिसला तर आया तो दगडाने घासतात, मळ समजून. तो मळ नसतो. शरीराला इन्शुलिन नीट वापरता येत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं. गुडघा किंवा मांडी दुखून लंगडणं, कारण वयात येणाऱ्या जाड मुलांत खुब्याच्या हाडाचा सांधा सरकू शकतो आणि ते घाईचं असतं. वजन फारच जास्त असेल किंवा मूल पंधरा-सोळाचं असेल, तर डॉक्टर सावकाश वजन उतरवायलाही सांगतील. ते त्यांच्या देखरेखीखाली.

आणि उलट बाजू: घरात कुणी काही न सांगता मुलानेच डाएट सुरू केलंय हे कसं ओळखायचं? सरांना ते मैदानावर कळतं. मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटं बसणं. 'मी घरून जेवून आलोय' हे रोजचं उत्तर. उन्हातही थंडी वाजणं. सुरू झालेली पाळी तीन-चार महिने न येणं. जिन्याखालच्या वजनकाट्यावर दिवसातून तीनदा चढणं. असं दिसलं की ते मुलाला रागावत नाहीत आणि पालकांनाही चिठ्ठी पाठवत नाहीत, बोलावून घेतात.

सभा संपली तेव्हा पाऊस उघडला होता. काही जण खांबाभोवती जमून आपापल्या मुलांची रेघ शोधत होते. मला आमचीची सापडली, जानेवारीची: १४४.

आम्ही घरी पाच वाजताचं जेवण सुरू केलं त्याला आता तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात रोज भांडण, कारण तिला पाच वाजता भूक नसायची, सहाला असायची. मग आम्ही सहा केलं. लाडवाचा डबा खालच्या फळीवर आला. पहिल्या दोन दिवसांत सात लाडू संपले, नंतर डबा आठवडाभर कुणी उघडला नाही, आणि शेवटचे दोन लाडू मीच खाल्ले. काल रात्री तिने अर्धी पोळी ताटात ठेवली आणि उठली. माझ्या सासूबाईंनी त्या पोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराने तोंड दाबलं, आणि ती पोळी उचलून स्वतःच्या ताकात कुस्करली.